अनुभव धागा: सकाळच्या फुलांच्या चित्रांमागे काय असतं?

धागाकर्ती: घरातली मोठी माणसं रोज सकाळी व्हॉट्सॲपवर सूर्य, गुलाब आणि जोडलेले हात पाठवतात. कोल्हापुरात हे कसं चालतं आणि त्यातून नात्याचं काय कळतं, ते लिहा. टिंगल नको.

मंगळवारपेठकर: आमच्याकडं चित्र वार बघून जातं. सोमवारी शंकर, गुरुवारी दत्त, शुक्रवारी अंबाबाई, शनिवारी मारुती, रविवारी गुलालातला जोतिबा. मधल्या दिवशी नुसती फुलं चालतात. व्याह्यांना सकाळी साडेसहाला फोन केला तर समोरचा दचकतो, "काय झालं?" म्हणून. फोनला निमित्त लागतं, चित्राला लागत नाही आणि त्याचं उत्तर दिलंच पाहिजे असंही नाही. त्यामुळं व्याही, चुलतभाऊ, नोकरीतले जुने सोबती यांच्याशी येणंजाणं कमी झालं तरी ओळख चालू राहते. बांधावरनं भांडण झालं की आधी चित्र थांबतं. समेटही तिथूनच सुरू होतो: संक्रांतीला तिळगुळाचं चित्र आलं की समजायचं, बोलायला वाट मोकळी झाली.

बावडेकर: आता चित्र एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड होतं. सरकारनं बंदी घातली ना, निवडणुकीमुळं.

शाहूपुरी_७: पाच बरोबर, कारण वेगळं. 2018 च्या जुलैत व्हॉट्सॲप कंपनीनंच भारतात ही मर्यादा आणली. मुलं पळवणाऱ्यांच्या अफवांवरून जमाव माणसं मारत होते. त्याच महिन्यात धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच जणांचा जीव गेला. अफवा आणि गुलाब यांत ॲप फरक करत नाही, म्हणून नियम दोघांनाही लागला. 2020 पासून खूप फिरलेल्या, दोन बाणांच्या मेसेजला एका वेळी एकच चॅट मिळतो. सूर्याची चित्रं भरपूर फिरलेली असतात, म्हणून आजोबा एकेका नावावर जाऊन तेच चित्र पुन्हा पुन्हा पाठवताना दिसतात. घरच्यांना ते यांत्रिक वाटतं, पण यादीतलं प्रत्येक नाव त्यांच्या डोळ्यांखालून जात असतं. ब्रॉडकास्ट यादी करून दिली तर 256 जणांपर्यंत एकदम जातं. मात्र ज्यांनी आजोबांचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना पोचत नाही. सुनेनं किंवा नातवानं त्यांचा नंबर सेव्ह केलेला नसला की "माझं चित्र मिळत नाही का?" ही तक्रार इथूनच येते.

कागलची_सून: माझा प्रश्न वेगळा आहे. सासूबाईंचा मोबाईल सारखा भरतो. सगळी फुलं एकदम कशी काढायची?

शाहूपुरी_७: व्हॉट्सॲपमध्ये Settings, मग Storage and data, मग Manage storage. तिथं Forwarded many times असा वेगळा गठ्ठा दिसतो, तिथून काढा. फुलांपेक्षा व्हिडिओ जास्त जागा खातात, आधी ते बघा. नातवंडांचे फोटो त्यात नाहीत ना, हे मात्र सासूबाईंना शेजारी बसवूनच तपासा.

राजारामपुरी_परिचारिका: एकट्या राहणाऱ्यांचं चित्र म्हणजे हजेरी. समजा वडील इथं, मुलगी पुण्यात आणि चित्र रोज सव्वासहाला येतं. सात वाजले तरी नाही आलं, तर आधी घरच्या ग्रुपवर पडलंय का बघायचं. नसेल तर आपण एक मेसेज टाकायचा. एकच करडी खूण राहिली तर फोन बंद, नेट नाही किंवा रिचार्ज संपलंय. दोन करड्या खुणा आल्या तर फोन चालू आहे, पण त्यांनी मेसेज बहुधा बघितलेला नाही. मग कॉल. उचलला नाही तर शेजाऱ्यांना सांगायचं. तो नंबर आधीच घेऊन ठेवावा. वेळेकडंही लक्ष ठेवा. सव्वासहाचं चित्र बरेच दिवस पहाटे साडेतीनला येऊ लागलं, तर झोप उडालेली असते, दुखणं किंवा काळजी विचारायला हवी. आणि चित्र आलं म्हणजे तब्येत बरी, असं धरू नका. ताप असलेला माणूसही पडल्या पडल्या गुलाब पाठवतो.

मंगळवारपेठकर: हे पटलं. सुतकात मात्र चित्र आलं नाही तर घाबरू नये, दहा-बारा दिवस जाणती माणसं थांबतातच. ग्रुपवर श्रद्धांजलीचा मेसेज पडल्यावर कुणी फुलं टाकली, तर बहुतेक वेळा त्यानं वरचं वाचलेलं नसतं. वैयक्तिक मेसेज करून सांगा, ग्रुपवर नको.

बावडेकर: पण उत्तर द्यावं का? रोज अंगठा दिला तर त्यांना बरं वाटतं.

राजारामपुरी_परिचारिका: माझ्या मते अंगठ्यापेक्षा आठवड्यातून एकदा चार शब्द बरे. "काका, जोतिबाला गेला होता का?" एवढं विचारलं तरी ते लिहायला लागतात.

मंगळवारपेठकर: ते सगळ्यांना झेपत नाही. जोडाक्षरं टाइप करताना अडलं की काही जण उत्तरच सोडून देतात. त्यांना बोललेला मेसेज पाठवा, माइकचं बटण दाबून धरून. तेही तसंच पाठवतील.