स्वनिधी कर्जाची 7 टक्के व्याज सबसिडी हप्त्यातून वजा का होत नाही? मदत हवी आहे

फुलपाखरू_22
आईची फळांची हातगाडी आहे. तिने पीएम स्वनिधीचं कर्ज घेतलंय. अर्ज करताना सगळ्यांनी सांगितलं होतं की वेळेवर फेडणाऱ्याला 7 टक्के व्याज सरकार देतं. बँकेचा दर 12 टक्के, म्हणजे आम्हाला 5 टक्के पडायला हवं. त्या दराने हप्ता 1,156 येतो, मी मोबाइलवर काढून बघितला. पण बँक दर महिन्याला 1,220 कापतेय! महिन्याला 64 रुपये जास्त. बँकेत विचारलं तर "सिस्टीमने येतं तेच" म्हणाले. तक्रार कुठे करायची? लवकर सांगा, 20 तारखेला पुढचा हप्ता आहे.

नाना_वडगावकर
ताई, आमच्या सोसायटीत पीक कर्ज शून्य टक्क्याने पडतं. केंद्राचे 3 आणि राज्याचे 3 टक्के मिळतात. तुम्ही सोसायटीतून का घेतलं नाही?

फुलपाखरू_22
नाना, आमच्याकडे शेती नाही हो. फळगाडी आहे.

हिशेबी
कर्ज किती रुपयांचं, किती महिन्यांचं, आणि कधी मिळालं? पहिलं की दुसरं? हे न सांगता उत्तर कसं देणार?

फुलपाखरू_22
दुसरं आहे. पहिलं 10 हजारांचं फेडलं. हे 20 हजार, 18 महिने. 20 फेब्रुवारीला मिळालं, तीन हप्ते गेले.

गाडीवाला_सातारा
पहिल्या कर्जाला सबसिडी आली होती का?

फुलपाखरू_22
माहीत नाही. पासबुक भरून आणलं नाही बरेच दिवस.

हिशेबी
मग ऐका. बँकेने चूक केलेली नाही. 20 हजार, 18 महिने, 12 टक्के, याचा हप्ता 1,220 च येतो. या योजनेत सबसिडी हप्त्यातून वजा करत नाहीत. कर्जदाराने पूर्ण दराचा हप्ता भरायचा, आणि 7 टक्क्यांची रक्कम मागाहून तिच्या खात्यात जमा होते. बँक दर तिमाहीला, म्हणजे 31 मार्च, 30 जून, 30 सप्टेंबर आणि 31 डिसेंबर या तारखांवर हिशेब करून दावा पाठवते. मोबाइलवर 5 टक्क्यांचा हप्ता काढून तो 1,220 शी ताडू नका. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण ते दोन वेगळ्या व्यवहारांचे आहेत.

बाजारपेठ_जुना
म्हणजे 20 हजारांचे 7 टक्के, वर्षाला 1,400 रुपये जमा व्हायला हवेत. दीड वर्षाचे 2,100. एवढी रक्कम येत नसेल तर बँक गिळतेय हे नक्की.

हिशेबी
नाही. 7 टक्के शिल्लक मुद्दलावर मिळतात, मूळ रकमेवर नाही. दर हप्त्याला मुद्दल कमी होतं, तशी सबसिडीही कमी होते. या कर्जाचं 18 महिन्यांचं एकूण व्याज साधारण 1,954 रुपये होतं. त्यातले सुमारे 1,140 सबसिडीतून परत येतात, आईच्या खिशातून जातात 814. पहिले तीन महिने मिळून सुमारे 332 रुपये, आणि शेवटचे तीन महिने मिळून फक्त 42. अनेकांना वाटतं सबसिडी बंद झाली, पण ती आटत गेलेली असते.

बाजारपेठ_जुना
हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी आजवर 1,400 च धरून चाललो होतो.

क्यूआर_दादा
तुम्ही क्यूआर कोड लावला का? डिजिटल व्यवहारांवर वेगळा कॅशबॅक मिळतो, महिन्याला 100 रुपयांपर्यंत. तो घ्या आधी.

फुलपाखरू_22
दादा, ते नंतर बघते. हिशेबी, मग मार्चच्या तिमाहीचे पैसे यायला हवे होते ना?

हिशेबी
20 फेब्रुवारी ते 31 मार्च हे जेमतेम 40 दिवस. 20 हजारांवर 28 दिवस आणि पहिल्या हप्त्यानंतरच्या 18,980 वर उरलेले 12. दीडशेच्या आसपास रक्कम होईल. पासबुक भरून आणा आणि एप्रिलनंतर असा एखादा छोटा जमा आकडा आहे का पाहा. आणि एक सांगा, तिन्ही हप्ते वेळेवर गेले का?

फुलपाखरू_22
हो. म्हणजे एप्रिलचा परत गेला होता, खात्यात 90 रुपये कमी होते. आठ दिवसांनी भरला. तेवढ्याने काय होतंय?

गाडीवाला_सातारा
झालं! एक हप्ता बाऊन्स झाला की सबसिडी गेली. "वेळेवर फेडणाऱ्यांना" असं स्पष्ट आहे. माझ्या मेहुण्याची अशीच गेली.

हिशेबी
मेहुण्याचं खातं किती महिने थकलं होतं?

गाडीवाला_सातारा
चार-पाच महिने. पण तत्त्व तेच.

हिशेबी
तत्त्व तेच नाही. नियम असा की दाव्याच्या तारखेला खातं एनपीए नसावं, आणि तिमाहीतल्या ज्या महिन्यांत ते नियमित वर्गात होतं त्यांचीच सबसिडी मिळते. एनपीए होतं ते 90 दिवस थकल्यावर. आठ दिवसांच्या उशिराने खातं तिथे जात नाही. मेहुण्याचं चार-पाच महिने थकलं म्हणून त्याची थांबली.

नाना_वडगावकर
पण पीक कर्जात तर तारीख चुकली की 3 टक्के पूर्ण जातात. शून्याचं कर्ज महाग होतं. आमच्याकडे दरवर्षी कुणाचं तरी होतं.

हिशेबी
नाना, तुमचं तिथलं बरोबर आहे. त्या योजनेत एकच देय तारीख आणि ती गाठली तरच सवलत. इथे महिन्यागणिक हप्ते आहेत, म्हणून मोजणीही तशी आहे. लोक दोन्ही योजनांचे नियम एकमेकांत मिसळतात.

पण ताई, एप्रिलच्या उशिराचा तोटा दुसरीकडे आहे. पासबुकात त्या तारखेला काही कापलंय का?

फुलपाखरू_22
आत्ता बँकेतून आले, पासबुक भरून. एप्रिलमध्ये 295 रुपये कापलेत. आणि मे महिन्यात 151 रुपये जमा आहेत, त्यापुढे काहीतरी आडवं-तिडवं लिहिलंय. मला वाटलं व्याज असेल बचतीचं.

हिशेबी
151 हीच ती मार्चची सबसिडी असणार. आणि 295 म्हणजे हप्ता परत गेल्याचा दंड, 250 अधिक जीएसटी. आता जोडून बघा: चार वेळा हप्ता परत गेला तर 1,180 रुपये कापले जातील, आणि अख्ख्या कर्जाची सबसिडी 1,140. तेव्हा 5 टक्क्यांचं कर्ज पुन्हा 12 च्या वर जातं. लहान कर्जात सगळ्यात महाग हा दंड असतो. 19 तारखेला खात्यात 1,220 नव्हे, 1,500 ठेवा. किमान शिल्लक किंवा इतर कपात झाली तरी हप्ता अडकायला नको.

गाडीवाला_सातारा
हप्ता आठवड्याला वाटून वेगळ्या डब्यात ठेवायचा, मी तसंच करतो. आठवड्याला 285.

फुलपाखरू_22
285 जमेल. आई रोज संध्याकाळी गल्ला मोजते, तिला दर सोमवारचा आकडा सांगते. पण जूनच्या दाव्यात एप्रिल धरला जाईल ना नक्की? शाखेतल्या बाई म्हणाल्या, "बघू".

हिशेबी
नियमाने धरला जायला हवा. 30 जूनचा दावा गेल्यावर बँकेकडून लेखी विचारा की एप्रिल, मे, जून असे तिन्ही महिने धरलेत का. तिन्हींचे मिळून साधारण 310 व्हायला हवेत. 200 च्या आसपास आले तर एक महिना वगळला आहे असं समजा.

गाडीवाला_सातारा
मला अजूनही वाटतं बँका उशिराचा महिना सबसिडीत धरत नाहीत. तुम्ही आकडा आल्यावर इथे लिहा.