मदत हवी आहे: फळमाशीच्या F2 मध्ये नराचे युग्मक कसे धरायचे?

ड्रोसोफिलाचं गणित आहे. करडी-लांब पंखांची × काळी-खुरट्या पंखांची, दोन्ही शुद्ध. F1 मादीच्या टेस्ट क्रॉसमध्ये करडी-लांब 965, काळी-खुरटी 944, करडी-खुरटी 206, काळी-लांब 185. स्वतंत्र वाटणी असती तर प्रत्येकी 575 आल्या असत्या, म्हणजे जनुकं संलग्न. पुनर्संयोजन 391/2300 = 17%. इथवर ठीक.

पुढे F1 × F1 विचारलंय. सवयीने 9:3:3:1 लिहिलं आणि खोडलं! दोघांचेही `bv` युग्मक 0.415 धरले तर काळी-खुरटी सुमारे 17.2% येतात. पण या माशीच्या नरात क्रॉसिंग ओव्हर होत नाही ना? मग 0.415 × 0.5 = 20.75%. प्रश्नात नराबद्दल काहीच दिलेलं नाही. यातलं कुठलं धरायचं?