मदत हवी आहे: पॉवर टिलर भाड्याने देतोय, तासाचा दर कसा ठरवावा?

बांधावरचा

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात खाडीलगत गाव आहे. दोन वर्षांपूर्वी १३ एचपीचा पॉवर टिलर घेतला, मला २,१०,००० ला पडला. स्वतःची भातशेती जेमतेम ३० गुंठे, बाकी वाडीत आणि शेजारच्या दोन वाड्यांत चिखलणीला भाड्याने देतो. डिझेल आणि ड्रायव्हर माझा, तासाला ४०० रुपये.

परवा डायरी काढून गेल्या पावसाळ्याचा हिशेब मांडला. काम १२० तास, म्हणजे ४८,००० व्हायला हवेत (त्यातले ९,००० अजून उधार). खर्च: डिझेल १५० लिटर, १३,८००. ड्रायव्हर २४ दिवस, ८०० रोजाने १९,२००. पाती, बेल्ट वगैरे ४,५००. शेवटी रोटरीची चेन आणि बेअरिंग गेलं, त्याचे ११,०००. एकूण ४८,५००. पावसात भिजून वर ५०० रुपये खिशातून!

दर वाढवावा तर लोक म्हणतात, "तू वाडीतलाच ना रे?" तुम्ही कसा ठरवता? आणि मशीन दुसऱ्याच्या शेतात जाऊन खराब होऊ नये म्हणून काय करता?

लाल_माती

तास सोडा, गुंठ्यावर घ्या. आमच्याकडे गुंठ्याचाच दर आहे. ड्रायव्हर विडी ओढत बसला तरी शेतकऱ्याला भुर्दंड नाही.

मिस्त्रीकाका

लाल_माती, मोठा सलग मळा असेल तर तुझं बरोबर. पण डोंगरउताराला दीड-दोन गुंठ्यांचे कुणगे असतात तिथे गुंठ्याचा दर मालकाला मारतो. निम्मा वेळ वळवण्यात आणि मशीन एका बांधावरून दुसऱ्या कुणग्यात उतरवण्यात जातो. दोनदा फिरवून चिखल करायचा तर सपाट मळ्यात तासाला सहा-सात गुंठे होतात, कुणग्यांत तीन-चारही होत नाहीत. मी तासच धरतो. शेतात पहिलं पातं फिरलं की वेळ सुरू आणि डायरीत दोघांची सही. मग विडीचा वाद राहत नाही, ती पाच मिनिटं वजा होतात.

आता बांधावरचा, तुझ्या दराबद्दल. तुझ्याच आकड्यांनी तासाचा खर्च काढू. डिझेल ११५. ड्रायव्हर १६०. दुरुस्तीचे ११,००० दरवर्षी येणार नाहीत, पण पाती, बेल्ट, तेल, सील आणि मधूनच येणारं मोठं काम मिळून तासाला ८० बाजूला ठेवायलाच हवेत. हे झाले ३५५. म्हणून ४०० मध्ये सुटल्यासारखं वाटतं.

मशीनची झीज तू धरलीच नाहीस. आठ वर्षं वापरून ७०,००० ला विकलास असं समज. १,४०,००० आठ वर्षांत झिजले, म्हणजे वर्षाला १७,५००. १२० तासांवर वाटले तर तासाला १४६. एकूण झाले ५०१. म्हणजे ५०० घेतलेस तरी तुझ्या हाती काही नाही.

पण एकदम ५५० करू नकोस, आधी तास वाढव. भात कापल्यावर ओल आहे तोवर वाल-कुळथासाठी नांगरट करून दे. वर्षाला १८० तास झाले की झीज १४६ वरून ९७ वर येते. दुसरं, तुझा ड्रायव्हर दिवसाला पाचच तास काम करतोय, उरलेला वेळ पाणंदीत जातोय. एक वाडी पूर्ण संपवूनच दुसरीत जायचं. रोज तोच, तास साडेसहा झाले तर १६० चे १२३ होतात.

तळकोकणी

काका, अनुदानावर घेतलं असेल तर खिशातून गेले तेवढेच धरायला हवेत ना? सरकारच्या पैशांची झीज गावकऱ्यांकडून कशाला?

मिस्त्रीकाका

पुढचं मशीन घेताना अनुदान मिळेलच असं तू लिहून देतोस का? मी पूर्ण किंमत धरतो.

तळकोकणी

मला नाही पटत. पण ठीक आहे.

सुपारीवाला

माझा पेट्रोल पंप शेजारच्याने बागेला पाणी द्यायला नेला. विहिरीतलं पाणी खाली गेलं तरी तासभर कोरडाच चालवला. सील जळलं. आता भरपाई मागू का? संबंधही बिघडायला नकोत.

बांधावरचा

दादा, पंपाचा वेगळा धागा काढा ना, इथे हरवेल. पण मशीन एकटं द्यायचं नाही हे मी त्यावरूनच शिकलो समजा. माझा एक चुलतभाऊ "मी चालवतो, ड्रायव्हर नको" म्हणून नेणार होता.

मिस्त्रीकाका

नको देऊस. कातळाची टोकं कुठे वर आली आहेत ते आधी चालत जाऊन बघणारा ड्रायव्हर हवा.

आणि मला सांग, चेन कशी गेली? चेनकेसमधलं तेल काढलं तेव्हा कसं होतं?

बांधावरचा

चहासारखं. दूध जास्त घातलेल्या चहासारखं.

मिस्त्रीकाका

मग दोष चेनचा नाही. ऑइल सील फाटून चिखलाचं पाणी आत गेलं. तुमच्याकडे शेताला कुंपण कशाचं करतात?

बांधावरचा

जुन्या मासेमारीच्या जाळ्यांचं. गुरं आणि डुकरांसाठी. का?

मिस्त्रीकाका

तेच. जाळ्याचे तुकडे तुटून चिखलात राहतात आणि पात्यांच्या शाफ्टला गुंडाळतात. नायलॉनचा दोरा फिरत फिरत शाफ्टच्या टोकाला सरकतो आणि सीलची कड कापतो. बाहेरून काही दिसत नाही, चिखलाने सगळं झाकलेलं. रोज संध्याकाळी इंजिन बंद करून, रोटरी उचलून शाफ्टची दोन्ही टोकं हाताने चाचपायची. दोरा लागला तर ओढू नकोस, कोयत्याच्या टोकाने कापून काढ. आठवड्याने चेनकेसचं तेल बघायचं. जरा पांढुरकं दिसलं की त्याच दिवशी काम थांबव. सील काहीशे रुपयांत बदलतं, न थांबवल्यास तुझ्यासारखे ११,०००.

खारजमिनीत चालवलंस तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धू. खाडीत बुचकळून आणणारे महाभाग मी पाहिलेत. पात्यांचे नट नव्या पात्यांनंतर पहिल्या तासाने पुन्हा आवळायचे. पाती झिजली की मशीन उड्या मारतं, चिखल मऊ होत नाही आणि डिझेल वाढतं. तेव्हा सेट पूर्ण बदल, चारच बदललीस तर थरथरेल.

लाल_माती

काका, जाळ्याचं भाडेकरूला सांगता का? दोष तर त्याच्या शेताचा.

मिस्त्रीकाका

आदल्या दिवशी सांगतो, जाळी गोळा करून ठेव. नाही केली तर ती वेचायचा वेळ तासातच धरतो. एका वर्षात वाडी साफ झाली.

बांधावरचा

काका, आज रोटरी उचलून बघितली. डाव्या टोकाला हिरव्या दोऱ्याची बोटभर जाड गुंडी निघाली! नवीन सील बसवून महिनासुद्धा झाला नाही. तेल अजून स्वच्छ आहे, वाचलो.

दर यंदा ४५० करतो, कमीत कमी एक तास. हिवाळ्याचं काम मिळालं तर तिथेच ठेवेन, नाहीतर पुढच्या मृगाला ५००. उधारीचं मात्र सुचत नाही. सगळे म्हणतात गणपतीत मुंबईकर आले की देतो, आणि मला डिझेलवाल्याला जूनमध्येच रोख द्यावी लागते. निम्मे आगाऊ मागितले तर चुलतभाऊ पहिला रुसेल. भावकीत कोणी आगाऊ घेतंय का?

तळकोकणी

घेतले होते एकदा. लग्नाला बोलावलं नाही.