प्रतिसाद : वाढलेले डबे आणि रिकामा गल्ला

> "डबे दर महिन्याला वाढताहेत, तरी वीस तारखेनंतर किराण्याचे पैसे द्यायला हातात काहीच का उरत नाही?"

माझ्या भाचीची हीच गोष्ट आहे. तिचे जेवणाचे रोज 40 डबे होते, प्रत्येकी 80 रुपयांचे, त्यात खर्च 60 रुपये आणि महिन्याचे दिवस 25. पहिल्या महिन्याचे 60,000 तिने साठवणीतून घातले. महिना संपल्यावर 80,000 आले, त्यांतले नफ्याचे 20,000 तिने घरखर्चाला काढले, आणि त्याच आठवड्यात डबे 60 झाले. आता महिन्याचा खर्च 90,000, हातात मात्र 60,000. म्हणजे वहीत 30,000 नफा दिसत असताना गल्ल्यात नेमके तेवढेच कमी. भाजी आणि गॅस रोखीने घ्यावा लागे, किराणा दुकानदार पंधरा दिवसांच्या पलीकडे उधारी देत नसे, आणि गिऱ्हाईक मात्र महिना भरल्यावरच पैसे देई.

मी तिची वही पाहिली तेव्हा प्रत्येक नव्या नावापुढे "महिनाअखेर" असे लिहिलेले होते. जुन्या गिऱ्हाइकांना न दुखावता तिने फक्त नव्या 20 जणांकडून महिन्याचे पैसे आगाऊ घेतले, 40,000 जमले आणि तूट भरून निघाली.

मात्र आगाऊ रक्कम म्हणजे कमाई नव्हे, कारण मध्येच कोणी डबा बंद केला तर उरलेल्या दिवसांचे पैसे परत करावे लागतात. म्हणून ती हे पैसे वेगळ्या पाकिटात ठेवते आणि रोज त्या दिवसापुरतेच काढते.