साध्या पाकिटाचा कायदा: आरोग्याचा उपाय की मालमत्तेवर दरोडा?

गंगापूर_रोडकर (धागाकर्ता):
सगळ्या सिगारेटची पाकिटे एकाच रंगात, बोधचिन्हाशिवाय विकायची, हा साध्या पाकिटाचा कायदा. कायदेशीर वस्तू विकणाऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या खर्च करून घडवलेले बोधचिन्ह सरकारने एका फटक्यात पुसून टाकावे, हा उघड दरोडा आहे. माणूस सिगारेट ओढतो, पाकीट नव्हे. ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये हा उद्योग करून पाहिला, फरक काही पडला नाही. आपल्याकडे हे खूळ येऊ नये.

मेधा_नाशिकरोड:
दरोड्याचा मुद्दा तिथल्या कंपन्यांनीही मांडला होता आणि तो उच्चतम न्यायालयात ६ विरुद्ध १ असा पडला. ऑस्ट्रेलियाच्या घटनेनुसार संघसरकारने कुणाची मालमत्ता संपादित केली, तर न्याय्य मोबदला द्यावा लागतो. जपान टोबॅको आणि ब्रिटिश अमेरिकन टोबॅको यांचे म्हणणे असे की, आमचे चिन्ह वापरता येत नाही आणि पाकिटाच्या जागेवर सरकार स्वतःचा इशारा छापते, म्हणजे आमची मालमत्ता सरकारने घेतलीच. ऑगस्ट २०१२ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, त्याचा गाभा एवढाच आहे की, एखाद्याचा हक्क आखडणे वेगळे आणि तो हक्क सरकारच्या पदरात पडणे वेगळे. चिन्हे कंपन्यांच्याच नावावर राहिली. सरकारला त्यातून मालमत्तेच्या स्वरूपाचे काहीच मिळाले नाही, म्हणून मोबदल्याचा प्रश्नही उरला नाही. एका न्यायमूर्तींनी विरोधी मत नोंदवले आहे, ते आपण अवश्य वाचा, आपल्या बाजूने उभे राहणारे ते एकमेव आहेत.

‘पाकीट ओढत नाही’ याबद्दल. कायदा येण्यापूर्वी, २००८ मध्ये, एका अभ्यासात ऑस्ट्रेलियातील धूम्रपान करणाऱ्यांना प्रत्येकी एक पाकीट दाखवले गेले, कुणाला मूळ, तर कुणाला टप्प्याटप्प्याने सजावट काढलेले. आधी रंग काढला, मग चित्रे आणि विशेषणे काढली, शेवटी नाव बारीक केले. जसजसे एकेक अंग गळत गेले, तसतसे ते पाकीट लोकांना कमी डौलदार वाटले, आणि आतली सिगारेटही कमी समाधान देणारी असेल असे ते सांगू लागले. पाकीट ओढत नसतील, पण चव पाकिटावरूनच ठरवत होते.

छपाईवाला_अंबड:
मॅडम, आपण न्यायालय सांगितले, मी कारखाना सांगतो. सिगारेटचे पाकीट म्हणजे नुसता कागद नसतो. सोनेरी फॉइल गरम ठशाने चढवलेली असते, अक्षरे उठावदार केलेली असतात, नावापुरतीच चमक यावी म्हणून वेगळा वार्निश दिलेला असतो. हे सगळे जुळवून छापणे प्रत्येकाला जमत नाही, आणि हीच नकली मालाविरुद्धची खरी भिंत आहे. सगळ्यांना एकच मातकट रंग दिलात तर कोणत्याही गाळ्यात नकली पाकीट छापले जाईल.

शिवाय इशाऱ्याचे चित्र बदलले की छपाईचे सिलिंडर नव्याने कोरावे लागतात. एका पार्टीने माझे ते बिल अजून अडवून ठेवले आहे, कारण म्हणे चित्र सरकारने बदलले, आम्ही नाही. सरकारी शहाणपणाचा भुर्दंड नेहमी छापणाऱ्याच्या माथी पडतो, त्यावर कुणी धागा काढत नाही.

मेधा_नाशिकरोड:
आपले बिल मिळावे ही सदिच्छा, परंतु तो वाद पार्टीशी आहे. नकली मालाबद्दल आपण अर्धे बरोबर आहात. ऑस्ट्रेलियात फॉइल, उठाव आणि चमक खरोखरच बंद झाली. पृष्ठभाग मॅट, रंग पँटोन ४४८ सी, म्हणजे मातकट तपकिरी, नाव ठरावीक टंकात आणि १४ पॉइंटच्या आत. परंतु पाकिटाच्या पुढच्या भागाचा ७५ टक्के आणि मागच्या भागाचा ९० टक्के हिस्सा रंगीत छायाचित्रासह इशाऱ्याने व्यापलेला असतो, ती छपाई कोणत्याही गाळ्यातली नव्हे, आणि मालाची ओळख पटवणारा सांकेतिक क्रमांक छापण्याची मुभा कायद्यानेच ठेवली आहे.

पंचवटीचा_पानवाला:
आपण सगळे पाकिटावर भांडत आहात, पण पाकीट पाहतो कोण? वडिलांच्या टपरीवर मी लहानपणापासून बसलो. बहुतेक गिऱ्हाईक एक सुटी मागते. पाकीट आमच्या फळीच्या आतल्या बाजूला, झाकण फाडलेले, सुतळीला लायटर टांगलेला. गिऱ्हाईकाच्या हातात जाते ती एक कांडी, आणि त्याला दिसतो तो फिल्टरजवळचा छाप. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने सुटी विक्री बंद केली, तरी सुटी मिळते हे येथे प्रत्येकाला ठाऊक आहे. आधी ती बंद करून दाखवा, मग रंग बदला.

मेधा_नाशिकरोड:
हा धाग्यातला सर्वांत कामाचा आक्षेप आहे. म्हणूनच ऑस्ट्रेलियाच्या नियमांनी कांडीलाही सोडले नाही. तिच्यावर ब्रँडचे नाव, चिन्ह वा पट्टी चालत नाही. आपल्याकडे कायदा करताना फक्त पाकिटापुरते लिहिले, तर तो आपल्या फळीच्या आतच अडकून पडेल.

सिन्नरची_वाट:
सिगारेटचे कौतुक पुरे. माझ्या आईने आयुष्यभर विड्या वळल्या. मांडीवर सूप, पाने भिजवून कापायची, आणि हजारामागे मजुरी. कारखान्यात तपासणारा मूठभर विड्या बाद ठरवायचा, त्यांची मजुरी कापली जायची, आणि त्या विड्या परत मात्र मिळत नसत. त्या घरात बोधचिन्हाच्या मालमत्तेवर कुणी अश्रू ढाळले नाहीत.

आता मुद्द्याचे सांगतो. विडीचे गिऱ्हाईक नाव वाचत नाही. बंडलाच्या पातळ कागदावरील चित्र आणि आकडा पाहून तो आपली विडी ओळखतो. सिगारेटच्या पाकिटावर सजावट काढली तरी नाव उरते; विडीवर चित्र काढले तर काहीच उरत नाही. मोठा कारखानदार गावोगावच्या दुकानदारांच्या ओळखीवर तरून जाईल, लहान मात्र बुडेल, आणि त्याच्याकडे वळणाऱ्या बायका आधी बुडतील.

गंगापूर_रोडकर (धागाकर्ता):
पाहा, शेवटी माझाच मुद्दा आला. आणि फरक पडला असे म्हणणाऱ्यांनी आकडा सांगावा.

सिन्नरची_वाट:
आपला मुद्दा अजिबात आलेला नाही. कारखानदाराच्या चिन्हासाठी गळा काढणाऱ्यांनी आमच्या आयांच्या नावावर मते मागू नयेत.

मेधा_नाशिकरोड:
आकडा घ्या. ऑस्ट्रेलिया सरकारच्या २०१६ च्या आढाव्यानुसार धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण १९.४ वरून १७.२ टक्क्यांवर आले आणि त्यातला ०.५५ टक्के बिंदूंचा वाटा पाकिटातील बदलांचा, म्हणजे साधे पाकीट आणि मोठे इशारे मिळून. त्याच काळात करही वाढत होता, म्हणून हा वाटा सांख्यिकी प्रतिमानाने वेगळा काढावा लागला. त्यावर वाद घालता येतो.

गंगापूर_रोडकर (धागाकर्ता):
०.५५! धन्यवाद, यापेक्षा माझी बाजू मला मांडता आली नसती.

मेधा_नाशिकरोड:
इतके क्षुल्लक होते, तर फिलिप मॉरिसने एवढी धावपळ कशासाठी केली? एप्रिल २०१० मध्ये सरकारने घोषणा केली. फेब्रुवारी २०११ मध्ये फिलिप मॉरिसच्या हाँगकाँगमधील कंपनीने ऑस्ट्रेलियातील कंपनीची मालकी घेतली, आणि मग हाँगकाँग व ऑस्ट्रेलिया यांच्या १९९३ च्या गुंतवणूक कराराखाली परदेशी गुंतवणूकदार म्हणून दावा लावला. डिसेंबर २०१५ मध्ये लवादाने तो दाखलच करून घेतला नाही. वाद समोर दिसत असताना करारात शिरण्यासाठीच मालकीची फेरमांडणी केली, हा हक्काचा गैरवापर ठरला. जागतिक व्यापार संघटनेत क्युबा, होंडुरास, डॉमिनिकन रिपब्लिक आणि इंडोनेशिया यांची तक्रार २०१८ मध्ये फेटाळली गेली, त्यातल्या दोघांचे अपीलही २०२० मध्ये. मला वाटते, कंपन्यांची भीती लोक सोडतील एवढीच नव्हती. डौल उतरला की महाग ब्रँडसाठी जास्त पैसे मोजायचे कारण उरत नाही, आणि गिऱ्हाईक स्वस्त मालाकडे सरकते. नफा तिथे गळतो.

छपाईवाला_अंबड:
हे मात्र पटले. महागड्या पाकिटाचा फॉइल हाच त्याचा भाव असतो. बाकी आपल्या न्यायालयांचे काय?

मेधा_नाशिकरोड:
आपण साध्या पाकिटापर्यंत पोहोचलोच नाही. ८५ टक्के चित्रमय इशारा एप्रिल २०१६ पासून लागू झाला, कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये तो नियम रद्द केला, आणि जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. इशारा वाढवण्यावरच एवढे झाले. विडीच्या चित्राबद्दल माझ्याकडे उत्तर नाही, हे सिन्नरकरांना मान्य करते.

सिन्नरची_वाट:
मान्यता नको, मसुद्यात जागा हवी. विडीसाठी वेगळी मुदत आणि वळणाऱ्यांना पर्यायी काम, हे दोन्ही त्याच कायद्यात लिहिले तर मी पहिली सही करीन.

पंचवटीचा_पानवाला:
आणि सुट्या विक्रीचे कलम? की ते पुन्हा फळीच्या आत?