तेच लाव! दोन-तीन वर्षांच्या लेकरांसाठी कार्टून सिनेमा कसा निवडता?

आमचं पोरगं दोन वर्षं आठ महिन्यांचं. आम्ही दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहतो. मागच्या महिन्यात पाऊस लागून होता, शेतातली कामं बंद. भावानं पेनड्राइव्हवर 'फाइंडिंग निमो' आणून दिला होता, तो टीव्हीला लावला. रंगीत मासे आहेत म्हणजे लेकरांचाच असणार, एवढाच माझा विचार. पहिल्या पाच मिनिटांत मोठाले दात असलेला मासा येतो आणि निमोची आई जाते, अंडीही जातात. पोरगं रडलं नाही. माझ्या पदराचं टोक तोंडात घालून बसून राहिलं. पुढं तीन रात्री मी पाणी प्यायला उठले तरी तेही उठायचं. आई गेली हे त्याला कळलं असावं, असं मला वाटतं.

आता आधी मी एकटी पाहते. पण पाहताना नेमकं काय पाहायचं? वेग कसा ओळखता, भीती कुठं असते, आणि साठाव्यांदा लावला तरी घरच्यांचं डोकं दुखणार नाही असं काय असतं? आपापले अनुभव लिहा. नुसती नावं नकोत.

हिंगणघाटकडच्या निवृत्त बालवाडी शिक्षिका

वेगासाठी मी तुरीचे दाणे वापरते. सिनेमा मधूनच कुठूनतरी लावायचा, आवाज बंद करायचा, मोबाइलवर एक मिनिट लावायचं. पडद्यावरचं चित्र तुटून दुसरं आलं की ताटलीतला एक दाणा वाटीत. सुरुवातीचं मिनिट घेऊ नका, तिथं नावंच फिरत असतात. नातीच्या एका बालगीताच्या व्हिडिओला 31 दाणे पडले. म्हणजे दोन सेकंदही एका चित्रावर नजर ठरत नव्हती. मग 'माय नेबर तोतोरो' या जपानी कार्टून सिनेमातला पावसातला बसस्टॉप मोजला, तर वाटीचं बूडही झाकलं नाही. दोघी बहिणी बाबांची वाट पाहत उभ्या आहेत, पाऊस पडतोय, धाकटी पेंगते. बस्स.

वाटी फसवते मात्र. एका कार्टूनला सातच दाणे पडले, पण त्या एकेका चित्रात दहा जण धावत, आदळत, किंचाळत होते. म्हणून दुसऱ्या मिनिटाला आवाज चालू करून मी पडद्याकडं पाठ करते. नुसतं ऐकून जीव दमला, की तो सिनेमा आमच्याकडं बाद.

अचलपूरचे एक बाबा

मोजायची गरजच काय? संशोधन झालंय. नऊ मिनिटं फास्ट कार्टून पाहिलं की मुलांचा मेंदू बिघडतो. आम्ही सगळं बंद केलं.

बालविकास शिकलेली, सध्या अमरावतीला माहेरी

दादा, तो एका संशोधिकेचा 2011 चा प्रयोग. मुलं 60, चार वर्षांची, आणि कार्टून नऊच मिनिटं, इथपर्यंत बरोबर. पण चाचणी लगेच नंतर घेतली होती. वेगवान कार्टून पाहिलेली मुलं लक्ष देण्यात आणि थांबून राहण्यात मागं पडली. मेंदू कायमचा बिघडला असं त्यात कुठंच नाही. त्याच संशोधिकेनं 2015 मध्ये पुन्हा तपासलं, तेव्हा वेगापेक्षा अशक्य गोष्टींचा भडिमार जास्त भोवतो असं दिसलं. त्यामुळं ताई, दाणे मोजा, पण वाटीवरच निकाल देऊ नका.

धागा काढणाऱ्या ताईंना एक विचारते. पोरगं नंतर काय बोललं? 'आई' म्हणालं की 'दात'? या वयात लेकरू अर्थाला कमी आणि दिसण्याला जास्त भितं. अक्राळविक्राळ तोंड, चेहरा अचानक बदलणं, मोठा आवाज. आपल्याला जिथं गलबलून येतं, तिथं ते कुरमुरे खात बसतं.

पुसदहून

64 जीबीचा पेनड्राइव्ह आमचा टीव्ही घेतच नाही. काय करावं?

हिंगणघाटच्या शिक्षिका

पेनड्राइव्ह `FAT32` मध्ये फॉरमॅट करून पाहा, मात्र आतलं सगळं पुसलं जाईल. आणि 4 जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात बसत नाही. आता विषयावर येऊ या.

मूल गावाकडची एक आई

दिसण्याला भितात, हे आमच्याकडं तंतोतंत घडलं. लेक तीन वर्षांची, सिनेमा तोतोरोच. शेवटाकडं धाकटी मेई हरवते आणि तळ्यात एक चप्पल सापडते. आमच्या मागं विहीर आहे, माझ्या पोटात गोळाच आला. लेक निवांत. ती घाबरली होती त्याच्या कितीतरी आधी, तोतोरो तोंड उघडून गर्जतो तिथं! खरं तर तो सिनेमातला सगळ्यात प्रेमळ प्राणी. मांजराच्या रूपातल्या बसचं हसू पाहूनही ती आजीच्या मागं लपली.

"खोटं आहे ते बाळा," असं मी दहादा सांगितलं, काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी लावला, दार उघडं, आवाज अर्ध्यावर, आजीच्या मांडीवर बसवलं, हातात भुट्टा. गर्जनेच्या आधी आजी म्हणाली, "आता पाय, मोठ्ठं तोंड उघडते." चौथ्या-पाचव्या वेळी लेकच आधी ओरडायला लागली, "उघडते!" आता हसते. मांजराची बस आली की अजूनही आजीचा हात धरते, ते गेलं नाही.

सिनेमा 86 मिनिटांचा आहे. आम्ही तीन दिवसांत तीन तुकडे करतो. भाषा तिला कळत नाही, आजी आपल्या बोलीत सांगते आणि तेच शब्द लागतात. एकदा आजी 'छत्री'ऐवजी 'छाता' म्हणाली तर पुन्हा मागं न्यायला लावलं.

वणीकडले आजोबा

मले सिनेमातलं काई समजत नाई. पण नातवानं एक जुनं चेक कार्टून दाखवलं, मोल नावाच्या प्राण्याचं, 1957 सालचं. त्याले खिशावाली पँट पाहिजे. त्यासाठी जवस वाढवते, मग ते कुटतेत, काततेत, मुंग्या कापड विणतेत, खेकडा कापते, पक्षी शिवते. मी म्हटलं अरे, हे तं आपलं जवस! निळं फूल पाहून लगेच वळखलं. पण आपण तिच्यातून तेल अन् चटणी काढतो, कापड निंघते हे ह्या वयात समजलं. बोलणं आहे त्यात, पण चित्रं पाहूनच समजते, म्हणून आवाज बंद असला तरी चालते. पंधरा मिनिटाच्या आत संपते. पन्नासेक वेळा पाहून झालं असन. दर वेळी नातू नवीन काईतरी इचारते, "आजोबा, खेकड्याले कोणं शिकवलं?"

अमरावतीची

आजोबांनी माझं काम सोपं केलं. पुन्हा पुन्हा पाहणं हा लेकरांचा हट्ट नुसता नसतो. 'ब्लूज क्लूज' नावाच्या अमेरिकी कार्यक्रमाचा एकच भाग आठवड्यात पाच दिवस दाखवायचे. मुलं कंटाळायची नाहीत. उलट दिवसागणिक त्यांना जास्त कळायचं आणि ती जास्त उत्तरं ओरडायची. म्हणून दहाव्या वेळी लेकराकडं पाहा. ते पुढचं सांगतंय, विचारतंय, उठून तसं करतंय, तर सिनेमा टिकला. नुसतं तोंड उघडं ठेवून बसलंय, तर शंभरदा पाहिलं तरी तिथंच.

अचलपूरचे बाबा

आमचं तोंड उघडंच ठेवून बसायचं. म्हणूनच बंद केलं ना.

अमरावतीची

मग तुमचा निर्णय तुमच्या घरी बरोबर असेल. आणि दोन वर्षांच्या आत काहीच दाखवू नका, असं बालरोगतज्ज्ञही सांगतात.

धागा काढणारी

तुमचं वाचून पोराला विचारलं. म्हणालं, "दात." पण मग रात्री माझ्यामागं का उठायचं? माझं काही समाधान झालं नाही. आता मी सिनेमा त्या माशाच्या पुढून, निमो शाळेत जातो तिथून लावते. आज सकाळी चहा उकळत असताना आलं आणि म्हणालं, "आई, दातवाला लाव." लावू का?

मूलकडची आई

दुपारी लावा. आवाज अर्धा. अन् मांडीवर घेऊन.