मदत हवी आहे: गुरुवारी बाबांची बायपास, ओटीबाहेरचे तास कसे काढायचे?

मिहानकडची
नमस्कार. बाबा ६४ वर्षांचे आहेत. धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात येत्या गुरुवारी त्यांची बायपास आहे, तीन ग्राफ्ट सांगितलेत. सकाळी साडेसातला आत नेणार आणि "चार-पाच तास लागतील" एवढंच सांगितलंय. डॉक्टरांवर विश्वास आहे, प्रश्न माझा आहे. अँजिओग्राफीच्या वेळी बाहेर बसले होते तेव्हा छाती धडधडायला लागली, बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले. ते तर अर्ध्या तासाचं काम होतं. आता बरोबर आई असेल, तिला शुगर आहे आणि ती गुरुवारचा उपास सोडायला तयार नाही. भाऊ पुण्याहून बुधवारी रात्री येतोय. हे तास कसे काढायचे, नेमकं सांगा. "देवावर सोडा" हे घरात सगळे सांगतातच आहेत.

बर्डीवाला
ताई, घाबरू नका. बोटांना मुंग्या आल्या की कागदी पिशवी तोंडाला लावून त्यात श्वास घ्यायचा, पाच मिनिटांत थांबते. आणि जोरजोरात खोल श्वास घ्या. आमच्याकडे सगळे हेच करतात.

भूलघरातून
मी भूलतज्ज्ञ आहे. बर्डीवाला भाऊ, मुंग्या श्वासामुळे येतात हे तुम्ही बरोबर धरलंत, उपाय मात्र बदला. भीतीत माणूस भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून बोटं आणि ओठ बधिर होतात, चक्कर येते. पिशवीत तोच वायू परत येतो हे खरं. पण धडधड हृदयाची किंवा दम्याची असेल, तर पिशवीत ऑक्सिजन आणखी कमी पडतो, म्हणून आता तो सल्ला देत नाहीत. आणि जोरजोरात खोल श्वास घेतला तर मुंग्या वाढतात, कारण कार्बन डायऑक्साइड आणखी जास्त बाहेर जातो.

ताई, तुम्ही असं करा. नाकाने चार आकडे मोजत श्वास घ्या, नेहमीएवढाच, छाती भरून नाही. मग ओठ थोडे मिटून, गरम चहावर फुंकर घालतो तसा सहा आकडे मोजत हळू सोडा. खांदे वर जात असतील तर श्वास मोठा होतोय, आणखी लहान करा. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. पाच मिनिटं करा. पहिल्या मिनिटात काहीच वाटत नाही, बरेच जण तिथेच सोडून देतात. म्हणून आजपासून सकाळ-संध्याकाळ घरी करून ठेवा. गुरुवारी पहिल्यांदा करायला गेलात तर जमणार नाही.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम असं झालं, तर "भीतीच असेल" म्हणून बसून राहू नका. तुम्ही हॉस्पिटलातच आहात, कॅज्युअल्टीत जाऊन ईसीजी काढून घ्या.

मिहानकडची
म्हणजे मी तेव्हा उलटंच करत होते! आता वेळेचं सांगा. साडेसातला नेलं की साडेबाराला बाहेर, असं आई धरून बसलीय.

भूलघरातून
हे आधीच सोडवून घ्या, कारण बाहेरची बरीचशी भीती घड्याळातून येते. "चार-पाच तास" म्हणजे बहुतेक वेळा सर्जनचं काम. त्याच्या आधी आणि नंतर बराच वेळ जातो, तो कुणी मोजून सांगत नाही.

तुमच्या वेळेवर मांडून दाखवते, पहिलीच केस आहे असं धरून. साडेसातला आत. मग भूल, हाताच्या आणि मानेच्या नळ्या, लघवीची नळी, अंग धुऊन कापड घालणं, यात नऊ वाजू शकतात. तोवर चिरा दिलेलाही नसतो. त्यानंतर छातीतली रक्तवाहिनी आणि पायातली शीर काढून तयार करायला दहाच्या आसपास. तीन ग्राफ्ट जोडून होईस्तोवर साडेअकरा-बारा. आणि लोकांना सगळ्यात कमी माहीत असलेला भाग पुढे येतो: कुठून रक्त झिरपतंय का ते शांतपणे बघणं, नळ्या ठेवणं, छातीचं हाड तारेने बांधणं, टाके. हे सगळं घाईत करायचं नसतं, एक वाजतो. मग आयसीयूत नेऊन मॉनिटर, व्हेंटिलेटर लावून स्थिर करायला पाऊण ते एक तास. म्हणजे तुम्ही बाबांना बघाल ते पावणेदोन-दोनला. हा अंदाज आहे, अर्धा-एक तास इकडेतिकडे होणं रोजचं आहे. हृदय थांबवून पंपावर करणार की धडधडत्या हृदयावर, यानेही वेळ बदलतो.

आईला आत्ताच सांगा की दोनपर्यंत काही कळलं नाही तर काही बिघडलेलं नाही. बुधवारी संध्याकाळी सर्जनना किंवा त्यांच्या असिस्टंटना तीन गोष्टी विचारा. केस पहिली आहे का? निरोप कुठल्या दारातून कोण देणार? आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर आम्ही कुणाला विचारायचं? ती तिसरी वेळ कागदावर लिहून ठेवा. त्याच्या आधी दार वाजवायचं नाही, त्यानंतर बिनधास्त विचारायचं.

तात्या_उमरेड
हॉस्पिटलचं बिल कोणत्या योजनेत बसते ते पाहिलं का? आमच्या बायकोच्या गुडघ्याच्या वेळी कागदं अपुरे निघाले, दोन दिवस धावपळ झाली. पिवळं कार्ड, आधार, सगळ्याच्या झेरॉक्स ठेवा.

मिहानकडची
तात्या, कॅशलेसची मंजुरी आली आहे, धन्यवाद. मला बसण्याबद्दल विचारायचं होतं.

सिस्टर_अजनी
तात्यांचा मुद्दा अगदीच बाजूचा नाही. बाहेर बसलेल्यांचा जीव जातो तो "अमुक पेशंटचे नातेवाईक कोण?" या हाकेला. हाक आली की रंग उतरतो. बहुतेक हाका कशाच्या असतात सांगते: एखाद्या कागदावर सही, मेडिकलमधून आणायची चिठ्ठी, ब्लड बँकेचा फॉर्म, चष्मा किंवा दातांची कवळी परत देणं. मध्येच आणखी रक्त किंवा प्लाझ्मा मागितला म्हणजे अघटित झालं असं नाही, बायपासला ते तयार ठेवतात. खरंच गंभीर बोलायचं असेल तेव्हा डॉक्टर स्वतः येतात, वॉर्डबॉयच्या हाती चिठ्ठी पाठवत नाहीत.

म्हणून कामं वाटून घ्या. भाऊ धावायचा माणूस: त्याच्याकडे फाइल, कार्ड, थोडी रोख. तुम्ही दाराशी, जागा सोडायची नाही. दोघेही एकदम चहाला गेलात आणि तेवढ्यात हाक आली, की परत आल्यावर शेजारचे सांगतात "तुम्हाला शोधत होते", आणि तिथून पुढचा तास कोणाचाच सरळ जात नाही. रक्तदाते लागणार असतील तर बुधवारीच नावं घ्या. ते जेवून आलेले असावेत, उपाशी नको.

आणि फोन. मावशी, आत्या, काका सगळे दर वीस मिनिटांनी "झालं का?" विचारतील. दर वेळी "अजून नाही" म्हटलं की तुमची भीती नव्याने ताजी होते. ग्रुपवर सकाळीच टाका: दोन वाजेपर्यंत निरोप नसेल, आला की भाऊ कळवेल, कृपया फोन करू नका. धंतोलीत गाडी लावायला जागा मिळत नाही, ऑटोने या म्हणजे एक कटकट कमी.

बर्डीवाला
पिशवीचं समजलं, पुन्हा कोणाला सांगणार नाही. पण रात्री झोप नाही आली तर ०.२५ ची अर्धी गोळी घ्यायला काय हरकत आहे? सगळ्यांच्या घरी असते.

भूलघरातून
दुसऱ्याच्या नावची नको. एकदा घेतल्यावर सकाळी कुणाला किती गुंगी राहील सांगता येत नाही, आणि गुरुवारी तुम्हाला सह्या करायच्या आहेत, डॉक्टर काय म्हणाले ते लक्षात ठेवायचं आहे. फारच गरज वाटली तर आपल्या डॉक्टरांना आधी दाखवून.

मिहानकडची
आईचं काय करू? उपास आणि शुगरची गोळी?

सिस्टर_अजनी
गोळीचं नाव काय? ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन काही खाल्लं नाही तर शुगर खाली जाते. तेव्हा हात थरथरतात, घाम येतो, धडधडतं, म्हणजे अगदी घाबरल्यासारखंच. बाहेर सगळे "आई घाबरल्या" म्हणत पाठीवरून हात फिरवतात आणि शुगर कोणी बघत नाही. ग्लुकोमीटर पर्समध्ये ठेवा. सत्तरच्या खाली आली तर तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा. बिस्किट किंवा चॉकलेट नको, त्याची साखर हळू चढते. वर आली की मग काहीतरी पोटभरीचं द्या. त्या चक्कर येऊन गुंगीत गेल्यासारख्या दिसल्या, गिळत नसल्या, तर तोंडात काही घालू नका, सिस्टरला बोलवा.

गोळी त्या दिवशी किती घ्यायची, ते त्यांच्या डॉक्टरांना बुधवारी विचारून घ्या. उपास सोडायला लावण्यापेक्षा भगर आणि दाण्याची आमटी सकाळी खाऊन निघा म्हणा, गजानन महाराज रागावणार नाहीत. नुसता चहावर चहा मात्र नको. तुमच्यासाठीही तेच, रिकाम्या पोटी तिसऱ्या चहाने धडधड आणखी वाढेल.

बर्डीवाला
त्यापेक्षा आईला टेकडी गणपतीला घेऊन जा ना. तिथं मन शांत होईल, जवळच आहे.

सिस्टर_अजनी
पहिल्या तासात न्यायला हरकत नाही, भूल चालू असते. पण माझं मत, आईंनी बाहेर बसण्यापेक्षा घरी थांबून दीडला यावं.

भूलघरातून
इथे माझं वेगळं मत आहे. घरी एकट्या राहिल्या तर प्रत्येक फोनला दचकतील. बाहेर निदान लोक दिसतात. त्यांनाच विचारा, दोन्ही चालेल.

एक गोष्ट मात्र आईला आधी सांगून ठेवा. आयसीयूत पहिल्यांदा बाबा दिसतील ते ओळखू न येण्यासारखे: चेहरा सुजलेला, हात-पाय गार, तोंडात नळी, छातीतून लाल पाणी येणाऱ्या नळ्या, हात सैल बांधलेले. हे सगळं अपेक्षित आहे. हात बांधतात ते अर्धवट जागेपणी नळी ओढू नये म्हणून. नळी बहुतेकांची त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी निघते. मशीन वाजली की नजर सिस्टरकडे वळवा. त्या शांत असतील तर बोटाचा चिमटा सरकला असेल किंवा खोकला आला असेल.

तिथे डोळ्यांसमोर अंधारी आली, जांभया आल्या, गार घाम सुटला, तर ती घाबरण्याची धडधड नाही, रक्तदाब खाली जातोय. तेव्हा चार-सहाचा श्वास कामाचा नाही. खाली बसा, मांड्या आणि पोट दहा-पंधरा सेकंद आवळा, मग अर्धा मिनिट सैल सोडा, असं पाच वेळा. तरी वाढलं तर आडवे व्हा, पाय वर.

मिहानकडची
गोळी ग्लिमेपिराइडच आहे, आत्ता डबी बघितली. उद्या तिच्या डॉक्टरांकडे जाते. तीन प्रश्न लिहून घेतले, केस पहिलीच आहे हे मघाशी फोनवर कळलं. एक राहिलं: गुरुवारी रात्री आयसीयूबाहेर एकालाच थांबू देतात म्हणे. भाऊ थांबला तर चालेल, की मी?

सिस्टर_अजनी
जो दिवसा कमी दमला तो. आणि दिवसभर धावेल तो भाऊ, म्हणजे मला वाटतं तुम्हीच. भावाला दुपारी तीन-चार तास घरी झोपायला पाठवलंत तर मात्र तोही चालेल. हे तुम्हीच घरी ठरवा.